रस्त्यावर पडून गुडघा सोलवटला आणि जखमेत चुरी गेली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात सिमेंटच्या रस्त्याची कडा आणि तिच्या बाजूची माती यांच्यामध्ये गिट्टीची चुरी साचलेली असते. वळणावर गाडी घसरते ती बहुधा याच पट्ट्यात, आणि सकाळी फिरायला निघालेल्या माणसाचा पायही इथेच निसटतो. जखमांची मलमपट्टी करण्याच्या कामात मी अनेक वर्षे घालवली आहेत. माझा अनुभव असा आहे की अशा जखमेचे पुढे काय होणार, हे वरून कोणते औषध लावले यापेक्षा पहिल्या दिवशी आत किती चुरी राहिली यावर जास्त अवलंबून असते. त्यामुळे खालील उत्तरांमध्ये चुरी काढण्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

नुसते खरचटले आहे, तरी एवढी आग का होते?

खरचटताना त्वचेचा वरचा थर घासून निघतो आणि त्याखालच्या थरातील वेदना वाहून नेणाऱ्या नसांची टोके एकदम मोठ्या भागावर उघडी पडतात. सुरीने कापले तर जखम खोल असूनही उघडी पडलेली जागा रेघेएवढीच असते. खरचटल्यावर ती तळहाताएवढीही असू शकते. म्हणून आग जास्त होणे हे जखम गंभीर असल्याचे लक्षण नव्हे. उलट जखमेचा मधला भाग पांढरट दिसत असेल आणि तिथे स्पर्शच कळत नसेल, तर त्वचा खोलवर गेलेली असण्याची शक्यता असते आणि ती डॉक्टरांना दाखवावी.

घरी पोहोचल्यावर सर्वांत आधी काय करावे?

आपले हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ धुतलेले सुती कापड जखमेवर ठेवून ५ ते १० मिनिटे सलग दाबून धरावे; दर मिनिटाला उचलून पाहू नये, कारण धरू लागलेली गुठळी त्यामुळे निघून येते. रक्त थांबले की गुडघा वाहत्या पाण्याखाली धरावा.

पायावर वजन देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा गुडघ्याच्या वाटीवर दाबताच असह्य कळ येत असेल, तर प्रश्न केवळ कातडीचा राहत नाही. अशा वेळी एक्स-रे काढावा लागतो. वय ५५ किंवा त्याहून अधिक असेल, तर पडल्यानंतर गुडघा दुखत असल्यास डॉक्टरांना दाखवण्याबाबत चालढकल करू नये.

पाणी लागल्याने जखम पिकते, असे घरातील मोठी माणसे सांगतात. मग धुवायची कशी?

हा समज इतका पक्का आहे की रुग्ण अनेकदा सुकलेल्या रक्तासह, मातीसह, जखम जशीच्या तशी जपून आणतात. जखम पिकते ती जंतूंमुळे. हे जंतू माती, चुरी आणि मेलेल्या कातडीच्या आडोशाने वाढतात, आणि तो आडोसा काढून टाकण्याचे सर्वांत चांगले साधन वाहते पाणी हेच आहे. पिण्यायोग्य नळाचे पाणी यासाठी पुरेसे असते; सलाइनने धुतल्यामुळे जंतुसंसर्ग कमी होतो असे दिसून आलेले नाही. समज पूर्णपणे निराधारही नाही, कारण ओली झालेली पट्टी तशीच दिवसभर बांधून ठेवली तर कातडी भिजून पांढरी पडते आणि जखम चिघळते. त्यामुळे जखम धुण्यास भिऊ नये, मात्र भिजलेली पट्टी लगेच बदलावी.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिण्यायोग्य नसेल, तर ते उकळून थंड करून वापरावे. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी चटका बसण्याइतके तापलेले असते. आधी ते बादलीत काढून निवू द्यावे आणि स्वच्छ तांब्याने धार धरावी.

धुणे म्हणजे दोन तांबे ओतणे नव्हे. ५ ते १० मिनिटे सलग धार पडली पाहिजे. धारेला थोडा जोर हवा असेल, तर औषधाच्या दुकानातून २० मिलिलिटरची सिरिंज आणावी आणि सुई न लावता तिने पाणी मारावे. सिरिंज न मिळाल्यास पाण्याच्या स्वच्छ बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने छिद्र पाडून बाटली दाबली, तरी काम होते. धार थोडी तिरकी धरावी, म्हणजे चुरी बाहेरच्या दिशेने वाहून जाते. आजूबाजूची कातडी साबणाने धुण्यास हरकत नाही, परंतु साबण जखमेत घासू नये.

धुतल्यानंतरही काळे ठिपके दिसतात. ते रक्त आहे की चुरी, हे कसे ओळखावे?

खोलीतील दिवा बहुधा डोक्यावर असतो आणि त्याच्या प्रकाशात जखम सपाट दिसते. मोबाइलचा टॉर्च लावून तो गुडघ्याच्या बाजूने, जवळजवळ आडवा धरावा. चुरीचा प्रत्येक कण आपली लहानशी सावली टाकतो आणि लगेच नजरेत भरतो. त्यानंतर ओल्या गॉजची घडी ठिपक्यावर पाच मिनिटे ठेवावी. सुकलेले रक्त असेल तर ते मऊ होऊन पुसले जाते. खडा असेल तर तो जागचा हलत नाही, आणि चिमट्याचे टोक त्याला लागताच बारीकसा टक्‌ असा कठीण स्पर्श बोटांना जाणवतो. हा स्पर्श एकदा कळला की पुन्हा फसगत होत नाही.

शोधण्याची जागाही ठरलेली असते. घसरताना कातडी एका दिशेने सोलली जाऊन तिचे सालपट जखमेच्या एका टोकाला गोळा होते. चुरीही त्याच टोकाला, अनेकदा त्या सालपटाच्या खाली, जाऊन बसते. लोक जखमेचा मधला भाग चकचकीत करतात आणि ही कडा तशीच राहते.

हे कण घरी काढावेत का, आणि कसे?

वरवर बसलेले कण घरी काढता येतात. मोठ्या माणसाने आधी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या घेऊन अर्धा तास थांबावे, म्हणजे काम घाईत उरकावे लागत नाही. यकृताचा आजार असलेल्यांनी मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. टोकदार चिमटा दहा मिनिटे पाण्यात उकळून घ्यावा किंवा त्याची टोके स्पिरिटने पुसून वाळू द्यावीत. गॉज पाण्याने चिंब करून जखमेवरून एकाच दिशेने, हलक्या पण ठाम हाताने फिरवावे. गोल गोल घासू नये, कारण त्यामुळे सुटलेला कण पुन्हा दुसरीकडे रुततो. त्यानंतर जे राहील ते चिमट्याने उचलावे. सुटून लोंबणारे, वाळलेले सालपट कात्रीने कापू नये किंवा ओढून तोडू नये; ते नुसते उचलून खाली धार मारावी.

एखादा कण दोन-तीन प्रयत्नांत निघाला नाही, तर थांबावे. सुईने उकरल्यास तो आणखी खाली जातो. रुतलेली चुरी, काच किंवा धातूचा तुकडा, आत पिवळसर चरबी दिसणारी किंवा कडा फाकलेली जखम, आणि तळहातापेक्षा मोठी खरचटलेली जागा, ही कामे दवाखान्यातली आहेत. तिथे लिग्नोकेनने जागा बधिर करून मऊ ब्रशने घासता येते. हे काम शक्यतो पहिल्या २४ तासांत व्हावे. वरून नवी कातडी धरू लागली की कण तिच्याखाली बंद होतात आणि निळसर-काळे गोंदण कायमचे उमटते. डांबर आणि काजळीचे कण या बाबतीत सर्वांत वाईट.

गुडघ्याला डांबरच चिकटले असेल तर?

पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर जखमेजवळ आणू नये. त्यांनी कातडी भाजते. डांबरावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यावा, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि गॉजने पुसावे, मग पुन्हा लावावे. डांबर हळूहळू विरघळते. ते गरम असताना चिकटले असेल, तर ओढून काढू नये. त्यावर थंड पाण्याची धार धरावी आणि पुढची सफाई डॉक्टरांवर सोपवावी.

हळद भरली तर काय बिघडते?

आपल्याकडे हळद आणि माया एकाच डब्यातून येतात, त्यामुळे हे सांगताना मला नेहमी जड जाते. हळदीच्या द्रव्यांवर संशोधन झालेले आहे, पण स्वयंपाकघरातली भुकटी निर्जंतुक नसते. ती रक्तात मिसळून घट्ट लगदा होतो, त्याखाली चुरी झाकली जाते, आणि कातडी पिवळी झाल्यामुळे पुढे लाली पसरते आहे की नाही हे दिसेनासे होते. चुना, टूथपेस्ट, कॉफीची पूड यांचेही तेच. शेण किंवा माती लावणे मात्र सरळ धोक्याचे आहे, कारण त्यांत धनुर्वाताच्या जंतूंचे बीज असू शकते.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा जंतुनाशक द्रव थेट ओतावे का?

नाही. हे द्रव जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही मारतात. फेस आला म्हणजे सफाई झाली, असे नसते. पोव्हिडोन आयोडीन जखमेभोवतीच्या कातडीला लावता येते. जखम मात्र पाण्यानेच धुवावी.

पट्टी कोणती बांधावी? उघडी ठेवल्याने जखम लवकर सुकत नाही का?

उघडी जखम लवकर सुकते हे खरे, पण सुकणे आणि भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खपली कडक झाली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगात, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने आली. गुडघ्याला तर हे अधिकच लागू पडते, कारण प्रत्येक वेळी पाय वाकवताना कडक खपलीला तडा जातो आणि रक्त येते.

पहिले तीन-चार दिवस मी पॅराफिन लावलेली जाळीची पट्टी सुचवते. ती कोणत्याही मोठ्या औषधाच्या दुकानात मिळते, जखमेला सहसा चिकटत नाही आणि रोज काढून जखम पाहता येते. तिच्यावर साध्या गॉजच्या दोन-तीन घड्या ठेवाव्यात, म्हणजे पाझरणारी लस शोषली जाते. जाळी न मिळाल्यास जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन गॉज ठेवावे. कापूस थेट जखमेवर कधीही ठेवू नये, त्याचे धागे आत अडकतात. नियोमायसिन असलेल्या मलमाने काहींना खाज येऊन पुरळ उठते, आणि ही लाली जंतुसंसर्गासारखी दिसते. स्वच्छ झालेल्या जखमेला असे मलम लागतेच असे नाही. भुकटीच्या औषधांचे लसीत गोळे होतात, तेही टाळावे.

चुरी पूर्ण निघाल्याची खात्री झाल्यावर, जखम फार पाझरत नसेल तर हायड्रोकोलॉइडची चिकटपट्टी लावता येते. ती महाग वाटते, पण सुटली किंवा कडेने गळली नाही तर तीन ते पाच दिवस टिकते. तिच्याखाली पिवळट, जरा वास येणारा चिकट लगदा तयार होतो आणि तो पाहून लोक घाबरून फोन करतात. तो पू नसतो, पट्टीचाच विरघळलेला भाग असतो; धुतला की निघून जातो आणि खाली गुलाबी जखम दिसते. चुरी राहिलेल्या किंवा पिकू लागलेल्या जखमेवर मात्र ही पट्टी लावू नये, कारण आत काय चालले आहे ते दिसत नाही.

बांधताना गुडघा ताठ ठेवू नये. तो थोडा वाकवून पट्टी बांधली की पाऊल टाकताना ती ताणली जात नाही. वरून क्रेप बँडेज गुंडाळावे, पण बोटे थंड पडतील किंवा मुंग्या येतील इतके घट्ट नको. मे महिन्यात घामाने चिकटपट्टी टिकत नाही. तेव्हा चिकटपट्टीपेक्षा गुंडाळलेले बँडेजच बरे, आणि पट्टी दिवसातून दोनदा बदलावी लागली तरी कंटाळा करू नये.

पट्टी चिकटून बसली तर?

ओढू नये. स्वच्छ पाण्याने भिजवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

धनुर्वाताचे इंजेक्शन प्रत्येक वेळी घ्यावे लागते का?

प्रत्येक वेळी नाही. बालपणापासूनचे लसीकरण पूर्ण झालेले असेल, तर रस्त्यावरच्या मातीने माखलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसला ५ वर्षांहून अधिक काळ झाला असल्यास एक डोस घ्यावा. स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी ही मर्यादा १० वर्षांची आहे. पूर्वी टीटी म्हणून दिली जाणारी लस आता टीडी या नावाने मिळते आणि तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण असते. डोस शक्य तितक्या लवकर घ्यावा, पण दोन दिवस उलटले म्हणून टाळू नये. पूर्वी किती डोस झाले हेच आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, कारण मळलेल्या जखमेत अशा रुग्णाला लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागू शकते.

जखम पिकते आहे, हे नेमके कोणत्या लक्षणांवरून ओळखावे?

पहिले दोन-तीन दिवस जखमेच्या कडेला अरुंद लाल पट्टा, थोडी सूज, थोडी ऊब आणि पातळ पिवळसर लस असणे हे स्वाभाविक आहे. जखमेच्या तळाशी चिकटलेला पिवळट ओला पापुद्राही अनेकदा दिसतो. तो पुसून निघत नाही. पू मात्र दाट असतो, वाहतो आणि त्याला बहुधा घाण वास येतो. खरा फरक दिशेचा असतो. साधी जखम तिसऱ्या दिवसापासून कालच्यापेक्षा आज कमी दुखते. जी जखम एकदा शांत होऊन पुन्हा ठणकू लागते, आणि रात्री त्या ठणक्याने जाग येते, ती पिकते आहे असे समजावे.

लाली मोजण्यासाठी बॉलपेनने तिच्या कडेवर रेघ ओढावी आणि शेजारी वेळ लिहावी. लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही गुडघ्यांची ऊब ताडून पाहावी आणि कातडी ताणून चकाकते आहे का तेही पाहावे. जांघेत अवधान येणे, म्हणजे दुखरी गाठ उठणे, हे जंतू वर सरकल्याचे लक्षण आहे. जखमेपासून मांडीकडे लाल रेघ चढणे, थंडी वाजून ताप येणे, किंवा गुडघा आतून सुजून जराही वाकवता न येणे, या तिन्ही परिस्थितींत रात्र असली तरी थांबू नये. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत अपघात विभाग रात्रभर सुरू असतो. मधुमेह असलेल्यांनी, आणि स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी, लाली वाढण्याचीही वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी जखम दाखवून घ्यावी.

प्रत्यक्षात हे कसे घडते, याचे एखादे उदाहरण सांगाल का?

मानेवाड्याकडच्या रिंग रोडवर संध्याकाळी वळताना एका ताईंची स्कूटर चुरीवरून घसरली. डावा गुडघा साधारण ६ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद सोलवटला होता. घरी गेल्यावर सासूबाईंनी हळद भरली, आणि त्या सोळा तासांनी आमच्याकडे आल्या. हळद आणि रक्त मिळून पापडासारखा थर झाला होता. तो ओल्या गॉजखाली पंधरा मिनिटे भिजवल्यानंतर सुटला. आडव्या प्रकाशात सात खडे सापडले, त्यांतला सर्वांत मोठा मोहरीएवढा. जाळीची पट्टी बांधली, कडेवर पेनने रेघ ओढली, टीडीचा डोस झाला.

तिसऱ्या दिवशी सगळे ठीक होते. चौथ्या रात्री वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात ठणका सुरू झाला आणि सकाळी तेवढ्याच भागात लाली रेघेच्या बोटभर पुढे गेली होती; बाकी जखम गुलाबी आणि शांत होती. एकाच कोपऱ्यात असे झाले की तिथे काहीतरी राहिले आहे असे धरून चालावे. डॉक्टरांनी जागा बधिर करून वळलेले सालपट उचलले, तर खालून पुवाचा थेंब आणि त्याबरोबर एक काळा कण बाहेर आला. ती कडा पहिल्या दिवशी मी नीट उचलून पाहिली नव्हती. ती जागा पुन्हा धुतली, डॉक्टरांनी पाच दिवसांचे प्रतिजैविक दिले, आणि दोन दिवसांत लाली रेघेच्या आत परतली. चौदाव्या दिवशी पट्टी सुटली. केवळ गोळ्या दिल्या असत्या तर लाली तात्पुरती ओसरली असती, पण तो कण आतच राहिला असता.

आंबट किंवा भात खाल्ल्याने पू होतो का?

नाही. नेहमीचे जेवण घ्यावे; डाळ, अंडी, दूध यांतील प्रथिने जखम भरण्यास लागतातच.

जखम भरल्यानंतर राहिलेला डाग जातो का?

उथळ जखम ७ ते १० दिवसांत आणि थोडी खोल जखम दोन ते तीन आठवड्यांत भरते. त्यानंतर नवी कातडी काही महिने उन्हाला फार लवकर काळवंडते, म्हणून ती कपड्याने झाकावी किंवा तिला सनस्क्रीन लावावे. सगळीकडे एकसारखा पसरलेला तपकिरी डाग बहुधा सहा महिने ते वर्षभरात फिका पडतो. निळसर-काळे, टोचल्यासारखे सुटे ठिपके मात्र कातडीखाली बंद झालेली चुरी असते. ते कोणत्याही मलमाने जात नाहीत आणि काळाने फिके होत नाहीत. त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे लेझरच्या अनेक बैठका घ्याव्या लागतात.